पूर्ण भूतकाळात ‘पूर्ण’ काय असते?

शाळेत असताना आपण सर्वांनी काळांचा एक तक्ता पाठ केलेला असतो. वर्तमान, भूत, भविष्य हे तीन मुख्य काळ आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण व रीती असे चार पोटभेद. त्यातल्या पूर्ण भूतकाळाची व्याख्या अशी सांगितली जाते की, क्रिया भूतकाळात पूर्ण झाली होती असा बोध ज्या क्रियापदावरून होतो तो पूर्ण भूतकाळ. ही व्याख्या लिहिली की गुण मिळतात. पण ती काहीच सांगत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते येथे कारणांसह मांडावयाचे आहे.

गुरुकुंज मोझरीचा थांबा अमरावती-नागपूर रस्त्यावर आहे. तेथे एस. टी. ची वाट पाहणाऱ्या माणसाच्या तोंडची ही दोन वाक्ये पाहा : ‘मी फाट्यावर आलो तेव्हा गाडी सुटली.’ ‘मी फाट्यावर आलो तेव्हा गाडी सुटली होती.’ दोन्ही वाक्यांत गाडी सुटण्याची क्रिया भूतकाळातली आहे. दोन्हींत ती पुरतेपणी संपलेली आहे. अर्धवट सुटलेली गाडी कोणत्याच वाक्यात नाही. मग आपल्या व्याख्येप्रमाणे दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच व्हावयास हवा. प्रत्यक्षात पहिल्या वाक्यातल्या माणसाला गाडीचे मागचे दार दिसले आहे, त्याने हात केला असता तर कदाचित ती थांबलीही असती. दुसऱ्या वाक्यातल्या माणसाला फक्त रिकामा रस्ता दिसला आहे. एकाची गाडी डोळ्यांदेखत गेली, दुसऱ्याची त्याच्यामागे गेली. एवढा मोठा फरक ‘पूर्ण’ या शब्दाने पकडता येत नाही, कारण पूर्णता दोन्हीकडे सारखीच आहे.

‘पूर्ण’ हे नाव आणखी एका बाजूने लंगडे पडते. घरी कोणी विचारले, ‘बाबा काय करताहेत?’ तर आपण सांगतो, ‘बाबा झोपले आहेत.’ तक्त्याप्रमाणे हा पूर्ण वर्तमानकाळ झाला. पण यात पूर्ण काय झाले? झोप तर मुळीच पूर्ण झालेली नाही. ती चालू आहे म्हणूनच आपण हळू बोलतो. ‘आजी ओट्यावर बसली आहे’, ‘पाहुणे दारात उभे राहिले आहेत’ ही वाक्येही याच जातीची. पूर्ण झाली ती झोप लागण्याची, बसण्याची, उभे राहण्याची क्रिया. आणि वाक्य बोलते आहे ते त्या क्रियेनंतर जी अवस्था आली तिच्याबद्दल. म्हणजे या क्रियापदात दोन गोष्टी आहेत : एक आधी घडलेली घटना आणि दुसरी एक अशी वेळ, जिच्यावर उभे राहून आपण त्या घटनेकडे मागे वळून पाहतो. पहिल्या गोष्टीला आपल्या व्याकरणाने नाव दिले. दुसरीला दिलेच नाही.

या दुसऱ्या गोष्टीला नाव देण्याचे काम हान्स रायखेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने केले. हिटलरच्या राजवटीत १९३३ साली त्याला बर्लिन सोडावे लागले. तो इस्तंबूलला गेला आणि तेथून १९३८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात पोचला. तो भाषापंडित नव्हता, विज्ञानाचा आणि तर्कशास्त्राचा तत्त्वज्ञ होता. ‘एलिमेंट्स ऑफ सिंबॉलिक लॉजिक’ या १९४७ साली निघालेल्या त्याच्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात क्रियापदांच्या काळांवर काही थोडी पाने आहेत. ती थोडी पाने पुढे व्याकरणाच्या अभ्यासात त्याच्या पुष्कळ मोठ्या ग्रंथांपेक्षा अधिक वाचली गेली.

त्याच्या आधी डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सनने १९२४ साली ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात काळांची एक सरळ रेषा आखली होती. मध्ये वर्तमान, एका बाजूला भूत, दुसऱ्या बाजूला भविष्य, आणि भूत व भविष्य या दोहोंच्या आधी व नंतर आणखी एकेक स्थान. ‘सुटली होती’ याला त्या रेषेवर ‘भूताच्या आधीचे भूत’ अशी जागा मिळत होती. पण ‘सुटली आहे’ याला जागाच मिळेना, कारण घटना तर भूतकाळातलीच, मग ‘सुटली’ पासून ती वेगळी ठेवायची कोठे? या रूपात काळाखेरीज परिणामाचाही अंश आहे, असे म्हणून येस्पर्सनने ते रेषेबाहेर ठेवले. रायखेनबाखने अडचण ओळखली ती अशी : रेषा अपुरी नाही, तिच्यावरचे बिंदू अपुरे आहेत. दोन बिंदूंनी भागत नाही, तीन हवेत.

हे तीन बिंदू मराठीत आपण असे म्हणू. वाक्य ज्या क्षणी बोलले जाते तो उच्चारकाळ. घटना ज्या क्षणी घडते तो घटनाकाळ. आणि बोलणारा ज्या क्षणाबद्दल बोलत असतो, जेथे तो मनाने उभा असतो, तो संदर्भकाळ. आता आपल्या तीन रूपांकडे पाहा. ‘गाडी सुटली’ : येथे बोलणारा मनाने गाडी सुटण्याच्या क्षणीच उभा आहे. संदर्भकाळ आणि घटनाकाळ एकत्र, दोन्ही उच्चारकाळाच्या आधी. ‘गाडी सुटली आहे’ : येथे बोलणारा आत्ताच्या क्षणी उभा आहे. संदर्भकाळ आणि उच्चारकाळ एकत्र, घटना त्यांच्या आधी. ‘गाडी सुटली होती’ : येथे तिन्ही बिंदू सुटे आहेत. आधी गाडी सुटली, मग तो माणूस फाट्यावर आला, आणि आता तो आपल्याला सांगतो आहे. मधला क्षण, म्हणजे फाट्यावर येण्याचा, हाच संदर्भकाळ.

या मांडणीत एक सौंदर्य आहे आणि ते मराठीत इंग्रजीपेक्षाही उघडे दिसते. ‘आहे’ आणि ‘होती’ ही सहायक क्रियापदे उगीच आलेली नाहीत. ‘सुटली’ हा भाग सांगतो की घटना संदर्भकाळाच्या आधीची. आणि ‘आहे’ किंवा ‘होती’ हा भाग सांगतो की तो संदर्भकाळ आत्ताचा की गेलेला. दोन नात्यांसाठी दोन शब्द. भविष्यातही तेच : ‘तुम्ही उद्या याल तेव्हा निकाल लागला असेल.’ येथे ‘असेल’ संदर्भकाळाला उद्यावर नेऊन ठेवतो आणि ‘लागला’ घटनेला त्याच्या आधी टाकतो. निकाल उच्चारकाळानंतर लागणार की आत्ताच कोठे फळ्यावर लागून गेला आहे, याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही. घटनाकाळ आणि उच्चारकाळ यांचे नाते मोकळे राहते, कारण ते सांगणारा शब्दच वाक्यात नाही. क्रियापद थेट घटनेचा आणि बोलण्याचा संबंध जोडते, हा आपला समज येथे उघडच चुकीचा ठरतो. संबंध जुळतो तो संदर्भकाळाच्या मार्फत.

एकेका वाक्यापुरते हे पटले तरी खरी कसोटी लागते ती सलग मजकुरात. म्हणून एक छोटा परिच्छेद घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला आश्रम स्थापन केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांचे निर्वाण झाले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली वाहिली जाते, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. या प्रसंगाचा वृत्तांत एखाद्या विद्यार्थ्याने असा लिहिला आहे असे समजा (वाक्ये मी उदाहरणासाठी रचली आहेत) : ‘आम्ही दोन वाजता अमरावतीहून निघालो. मोझरीला पोचलो तेव्हा मंडप भरला होता. स्वयंसेवकांनी मागच्या बाजूला सतरंज्या टाकल्या होत्या. आम्ही तेथे बसलो. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली. सगळीकडे शांतता पसरली. माझ्या शेजारची म्हातारी पायी आली होती.’

या सात वाक्यांत संदर्भकाळ कसा चालतो ते पाहा. ‘निघालो’ येथे तो दोन वाजता उभा आहे. ‘पोचलो’ म्हटल्याबरोबर तो पुढे सरकून मोझरीला येतो. ‘भरला होता’ आणि ‘टाकल्या होत्या’ या दोन ठिकाणी तो जागचा हलत नाही. पोचण्याच्या क्षणीच उभा राहून मागे पाहतो. ‘बसलो’, ‘मिनिटे झाली’, ‘शांतता पसरली’ या प्रत्येक ठिकाणी तो एकेक पाऊल पुढे जातो. आणि ‘आली होती’ येथे पुन्हा थांबून मागे पाहतो. थोडक्यात, साधा भूतकाळ गोष्ट चालवतो, आणि ज्याला आपण पूर्ण भूतकाळ म्हणतो तो गोष्ट थांबवून मागची बाजू दाखवतो.

आता या परिच्छेदातले ‘होता’, ‘होत्या’, ‘होती’ काढून टाका आणि काय होते ते बघा. ‘मोझरीला पोचलो तेव्हा मंडप भरला.’ म्हणजे आम्ही वेळेवर पोचलो, आमच्यादेखत गर्दी झाली. मग आम्ही मागे का बसलो हे वाचकाला कळत नाही. ‘स्वयंसेवकांनी मागच्या बाजूला सतरंज्या टाकल्या.’ म्हणजे आम्हांला पाहून त्यांनी मुद्दाम सोय केली. ‘म्हातारी पायी आली.’ म्हणजे सगळे स्तब्ध असताना ती मंडपातून चालत आली! प्रसंग तोच, घटना त्याच, सगळ्या पूर्ण झालेल्या. पण तीन छोट्या शब्दांनी म्हातारीला मौनात व्यत्यय आणणारी बाई करून टाकले. माझे म्हणणे एवढेच की, हा फरक व्याकरणाचा फरक आहे, आणि जे व्याकरण तो सांगू शकत नाही ते विद्यार्थ्याला लिहावयास शिकवू शकणार नाही.

या ठिकाणी लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. मागची हकीकत लांब असली की प्रत्येक वाक्यात ‘होती’ लावणे कंटाळवाणे होते आणि मराठी ते मागतही नाही. ‘म्हातारी पायी आली होती. पहाटे घरून निघाली, वाटेत तिवशाला पाणी प्यायली, दुपारी मंडपात पोचली.’ येथे पहिल्या वाक्याने संदर्भकाळ मागे नेण्याचे दार उघडले, आणि पुढची वाक्ये साध्या भूतकाळात त्या दारातून पहाटेकडे गेली. हे अगदी स्वाभाविक आहे. चूक होते ती परत येताना. पुढचे वाक्य नुसते ‘तिने डोळे मिटले’ असे लिहिले तर डोळे दुपारी पोचताच मिटले की मौनाच्या वेळी, हे समजत नाही. परतीच्या वाक्यात ‘आता’, ‘त्या शांततेत’ असा एखादा खुंटा ठोकावाच लागतो. आपल्या अंकांत येणाऱ्या अनेक कथांत वाचकाची वाट चुकते ती नेमकी येथे.

आता मराठीचे स्वतःचे असे काही. रायखेनबाखने नियम सांगितला तो इंग्रजी समोर ठेवून. त्याच्या मते वाक्यात वेळ सांगणारा शब्द आला तर तो घटनाकाळाला न लागता संदर्भकाळाला लागतो. त्यामुळे इंग्रजीत ‘ही हॅज कम येस्टरडे’ चालत नाही : संदर्भकाळ आत्ताचा आणि शब्द मात्र कालचा, दोघांचे जमत नाही. मराठीत मात्र ‘मामा कालच आले आहेत’ हे निर्दोष वाक्य आहे. ‘काल’ हा शब्द येथे सरळ घटनेला लागला आहे, आणि ‘आहेत’ने संदर्भकाळ आत्ताच ठेवला आहे. तिन्ही बिंदू मराठीतही तेच आहेत. वेळेचा शब्द कोणत्या बिंदूला बांधायचा याची मोकळीक मात्र मराठीत जास्त आहे.

या मोकळीकीची किंमतही मोजावी लागते. ‘पाच वाजता मंडळी गेली होती’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, मंडळींनी पाचला प्रस्थान ठेवले. पाच हा घटनाकाळ. दुसरा, पाच वाजता पाहिले तर मंडळी तेथे नव्हती, केव्हा गेली कोण जाणे. पाच हा संदर्भकाळ. दुसराच अर्थ हवा असेल तर मराठीत दोन उपाय आहेत. ‘पाच वाजेपर्यंत मंडळी गेली होती’ असे म्हणावे, किंवा ‘पाच वाजता मंडळी गेलेली होती’ असे म्हणावे. ‘गेलेली’ हे रूप बहुधा घटनेपेक्षा नंतरच्या अवस्थेवरच बोट ठेवते. ‘काल मी अमरावतीला गेलो होतो’ ही एका फेरीची हकीकत आहे. ‘काल मी अमरावतीला गेलेलो होतो’ हे, तुम्ही आलात तेव्हा मी घरी का नव्हतो याचे उत्तर आहे. मुंबईकडच्या बोलण्यात ‘होतो’ गाळून ‘मी काल गेलेलो’ एवढेच म्हणतात आणि तेथे हा भेद पुसट होतो. आपल्याकडे तो अजून चांगला शाबूत आहे.

सर्वांत कठीण प्रश्न आहे तो ‘काल गेलो होतो’ याचाच. येथे दुसरी कोणतीही घटना सांगितलेली नाही, ‘तेव्हा’ नाही, ‘तोपर्यंत’ नाही. मग संदर्भकाळ कोठे आहे? उत्तर शोधण्यासाठी तीन वाक्ये शेजारी ठेवू. ‘मामा काल आले.’ ‘मामा काल आले आहेत.’ ‘मामा काल आले होते.’ पहिले नुसती बातमी देते. दुसरे ऐकले की आपण घरात डोकावून पाहतो, कारण मामा आत आहेत. तिसरे ऐकले की आपण म्हणतो, ‘मग थांबले का नाहीत?’ मामा परत गेले हे तिसऱ्या वाक्यात कोठेही सांगितलेले नाही, तरी आपल्याला कळते. कसे? तर ‘आहेत’ म्हणण्याची सोय असताना बोलणाऱ्याने ‘होते’ निवडले, म्हणजे त्या येण्याची अवस्था तो कालपुरतीच सांगतो आहे, आत्ताची हमी घेत नाही. संदर्भकाळ कालच्या त्या भेटीच्या वेळेत आहे, आणि बाकीचे आपण अनुमानाने ओळखतो. अनुमानच ते, कारण ‘परवा आले होते, अजून गेलेच नाहीत!’ असे थट्टेने म्हणता येते आणि वाक्य मोडत नाही. ‘परत गेले’ हा जर क्रियापदाचा अर्थच असता तर ही थट्टा शक्य झाली नसती.

घरोघरी ऐकू येणारे ‘मी सांगितले होते ना!’ हेही असेच. सांगणे कालचे, दूध उतू जाणे आत्ताचे. पण बोलणारी व्यक्ती मनाने उभी आहे ती दूध उतू जाण्याच्या जरा आधी, जेव्हा सांगितलेले ऐकून गॅस बारीक करता आला असता तेथे. संदर्भकाळ वाक्यात दिसत नाही, पण ज्याला बोलणी बसतात त्याला तो बरोबर दिसतो.

येथे आपल्या वऱ्हाडीविषयी दोन शब्द. ‘मी फाट्यावर आलो तवा यष्टी निंगून गेल्ती’ असे आपल्याकडे म्हणतात. ‘गेली होती’चे ‘गेल्ती’, ‘आला होता’चे ‘आल्ता’, ‘केले होते’चे ‘केल्तं’. वर्गात असे बोलले की हशा होतो आणि रूप ‘अशुद्ध’ ठरते. प्रमाण भाषेच्या लेखनात ते बसत नाही हे मान्य. पण व्याकरणदृष्ट्या त्यात काय कमी आहे? संदर्भकाळ गेलेला आहे हे सांगणारा ‘होती’ तेथे ‘ती’च्या रूपाने उभाच आहे, तो क्रियापदात मिसळला, हरवला नाही. ‘गेली’ आणि ‘गेल्ती’ यांत वऱ्हाडी बोलणारा माणूस कधीच घोटाळा करत नाही. तीन बिंदूंचे ज्ञान त्याच्याजवळ आहे. फक्त त्याला कोणी नाव सांगितलेले नाही.

आणि नाव न सांगितल्याचा दंड तो भरतो इंग्रजीच्या तासाला. तक्ता सांगतो की पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘हॅड’. ‘मी काल अमरावतीला गेलो होतो’ याचे भाषांतर विद्यार्थी प्रामाणिकपणे करतो : ‘आय हॅड गॉन टू अमरावती येस्टरडे.’ त्यावर लाल रेघ येते. ‘ते कालच आले आहेत’ याचे ‘दे हॅव कम येस्टरडे’ करतो; पुन्हा लाल रेघ. त्याने नियम मोडलेला नाही, दिलेला नियम पाळला आहे. चूक नियमात आहे. इंग्रजीचे ‘हॅड’ संदर्भकाळ समोर दिसल्याशिवाय सहसा येत नाही. मराठीचे ‘होता’ तो नुसता मनात असला तरी येते. म्हणून भाषांतरापूर्वी एक साधी परीक्षा करावी. मराठी वाक्यात ‘तोपर्यंत’ घालून पाहावे. ‘गाडी तोपर्यंत सुटली होती’ : बसले, तेव्हा ‘हॅड’ घ्या. ‘मी काल तोपर्यंत अमरावतीला गेलो होतो’ : कशापर्यंत, असा प्रश्न उरला, तेव्हा ‘वेंट’ घ्या. आणि ‘आहे’ असलेल्या वाक्यात काल, परवा, सोमवारी असा ठरावीक गेलेल्या वेळेचा शब्द असेल तर इंग्रजीत साधा भूतकाळ घ्या. या दोन सूचनांनी सगळ्या चुका जाणार नाहीत, पण पुष्कळ जातील.

हा केवळ गुणांचा प्रश्न आहे असेही नाही. एखाद्या साक्षीदाराने सांगितले, ‘पोलीस आले तेव्हा तो पळून गेला होता’, आणि लिहिणाऱ्याने ‘पळून गेला’ एवढेच लिहिले, तर पोलिसांनी त्याला पाहिले की नाही हेच बदलते. सुटलेला शब्द एक, पण त्याने साक्ष फिरते.

उलट बाजूने, जेथे संदर्भकाळच नाही तेथे ‘होता’ लावण्याची सवयही अलीकडे वाढली आहे. ‘महाराजांचा जन्म १९०९ साली झाला होता’ असे वाक्य वृत्तांताच्या सुरुवातीलाच येते. हिंदीत दूरच्या घटनेला ‘हुआ था’ म्हणण्याची रीत आहे. तेथे ते खटकत नाही. मराठी वाचक मात्र ‘झाला होता’ वाचून थांबतो आणि विचारतो, कशाच्या आधी? पुढे काहीच येत नाही. येथे ‘झाला’ पुरे. ‘१९६८ साली महाराज गेले तेव्हा आश्रमाला ३३ वर्षे झाली होती’ येथे मात्र ‘होती’ हवेच, कारण १९६८ हा संदर्भकाळ वाक्यात उभा आहे.

या मांडणीला मर्यादा नाहीत असे नाही. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बर्नार्ड कॉम्री यांनी १९८५ साली ‘टेन्स’ या पुस्तकात असा आक्षेप घेतला की, साध्या भूतकाळाला तिसऱ्या बिंदूची गरजच काय? जेथे दोन बिंदू एकत्रच असतात तेथे एक जास्तीचा. तर जर्मनीच्या वोल्फगांग क्लाईन यांनी १९९४ साली ‘टाइम इन लँग्वेज’ मध्ये दाखवले की बोलणारा ज्याबद्दल बोलतो तो बिंदू नसून एक कालखंड असतो. मला क्लाईन यांचे म्हणणे अधिक पटते. ‘मामा काल आले होते’ यातला ‘काल’ घड्याळाच्या काट्याएवढा बारीक नाही. भेटीएवढा लांब आहे. पण या दोघांचा वाद तिसरी वेळ कशी मोजावी आणि कोठे वापरावी याबद्दल आहे. ‘सुटली होती’ सारख्या वाक्यात ती लागते याबद्दल नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी व्याकरणाच्या तासाला तक्ता तसाच राहू द्यावा, नावेही तीच राहू द्यावीत. शंभर वर्षांची नावे एका लेखाने बदलत नाहीत. फक्त ‘पूर्ण’ या शब्दाची व्याख्या बदलावी : घटना पूर्ण झाली म्हणून नव्हे, तर बोलणारा घटनेनंतरच्या एका वेळेवर उभा आहे म्हणून. ती वेळ आत्ताची असेल तर ‘आहे’, गेलेली असेल तर ‘होता’, येणारी असेल तर ‘असेल’. आणि मराठीच्या व इंग्रजीच्या प्राध्यापकांनी मिळून एक तास घ्यावा, ज्यात दहा वऱ्हाडी वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येकाचा संदर्भकाळ विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावा. ती दहा वाक्ये आणायला कोठे दूर जावे लागणार नाही. मोझरीच्या थांब्यावर अर्धा तास गाडीची वाट पाहिली तरी पुरे.